पॉवर बँक दर वेळी सिक्युरिटीत अडकते? आधी लेबलवरची ओळ वाचा

पहाटे साडेपाचला फोन वाजला की एक तर गावाकडची बातमी असते, नाही तर विमानतळावर कोणाची तरी पॉवर बँक अडकलेली असते. गेल्या मे महिन्यात दुसऱ्या प्रकारचा फोन आला. भाचा होता. चार मित्र सांदकफूच्या ट्रेकला निघाले होते, दिल्लीमार्गे बागडोगरा. "मामा, एकाची चेक-इन झालेली बॅग परत बोलावलीय. आणि इथे माझी नारिंगी पॉवर बँक टाकून द्या म्हणतायत. मागच्या वेळी तर हीच घेऊन गेलो होतो!"

हे 'मागच्या वेळी तर' मी दुकानात वर्षभर ऐकतो. पुण्यात तपकीर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर माझं मोबाइल आणि किरकोळ इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं दुकान आहे. मे आणि दिवाळीच्या आधी गिऱ्हाईक हमखास विचारतं, "ही विमानात चालेल का?" उत्तर बहुतेक वेळा पॉवर बँकेच्या पाठीवर छापलेलं असतं. ते इतकं बारीक असतं की कोणी वाचत नाही आणि वाचलं तर चुकीचा आकडा धरतं. म्हणून भाच्याच्या ग्रुपमधल्या पॉवर बँका एकेक करून घेतो. त्यांत नेहमीचे जवळपास सगळे घोटाळे येतात.

बॅग परत बोलावली ती कशामुळे

हा सगळ्यांत सोपा आणि सगळ्यांत जास्त होणारा घोटाळा. भाच्याच्या मित्राने पॉवर बँक कपड्यांमध्ये गुंडाळून चेक-इन बॅगेत टाकली होती, कारण 'हातातल्या बॅगेत जड होते'. पॉवर बँक कितीही लहान असो, अगदी पाच हजारांची असो, चेक-इन बॅगेत चालत नाही. बॅग बेल्टवरून गेली की तिचा एक्स-रे होतो आणि सेलचा आकार पडद्यावर चटकन ओळखू येतो. मग बॅग बाजूला निघते आणि मालकाला बोलावलं जातं. बोलावलेलं कळलं नाही किंवा बोर्डिंगची वेळ झाली तर बॅग मागे राहू शकते.

मोबाइल किंवा लॅपटॉप काही अटींवर, पूर्ण बंद करून, चेक-इनमध्ये चालवून घेतात. मग पॉवर बँकच का नाही? कारण नियमांच्या भाषेत मोबाइल हे उपकरण आहे आणि त्याची बॅटरी उपकरणात बसवलेली आहे. पॉवर बँकेला मात्र 'सुटी बॅटरी' धरतात. तिचं काम दुसऱ्याला वीज देणं, त्यामुळे ती कॅमेऱ्याच्या जादा बॅटरीच्या रांगेत जाते. सुट्या लिथियम बॅटऱ्या सामानाच्या कप्प्यात नकोत, हा नियम जगभर सारखा आहे.

गिऱ्हाईक इथे हमखास वाद घालतं. "खाली पेटली तर वाईट आणि माणसांच्या डोक्याशी पेटली तर चालेल?" प्रश्न रास्त आहे. खाली सामानाच्या कप्प्यात आग विझवायला हॅलॉन वायू असतो. तो ज्वाळा दाबतो. पण लिथियम सेल एकदा आतून तापायला लागला की त्याला बाहेरच्या हवेची फारशी गरज उरत नाही. एक सेल शेजारच्याला तापवतो, तो पुढच्याला. ही साखळी तोडायला थंड करावं लागतं, म्हणजे पाणी ओतावं लागतं, आणि उडत्या विमानाच्या पोटात पाणी ओतायला कोणी जाऊ शकत नाही. वर केबिनमध्ये धूर लगेच दिसतो, माणसं असतात, आणि कर्मचाऱ्यांना आधी ज्वाळा विझवून मग भरपूर पाण्याने थंड करायचं शिक्षण दिलेलं असतं. म्हणून पॉवर बँक वर लागते.

लेबलवर तीन आकडे, त्यातला कुठला धरायचा

आता खरा गुंता. दुकानात पॉवर बँक विकली जाते ती एमएएचवर: दहा हजार, वीस हजार, तीस हजार. विमानाचे नियम मात्र वॉट-अवरवर चालतात, म्हणजे लेबलवर `Wh` असं छापलेलं असतं तो आकडा. १०० वॉट-अवरपर्यंतची पॉवर बँक परवानगीशिवाय चालते. एमएएचने एकट्याने काही कळत नाही, कारण किती व्होल्टला ते एमएएच हा अर्धा भाग राहतो. टाकीत किती पाणी आहे ते नळाच्या तोटीवरून सांगता येत नाही, तसं.

हिशोब एका ओळीचा आहे:

```
Wh = mAh × V ÷ 1000
```

गणित चुकत नाही, व्होल्ट चुकतो. भाच्याजवळच्या काळ्या पॉवर बँकेवर साधारण असं छापलेलं होतं:

```
Battery: 3.7V 20000mAh 74Wh
Output: 5V 3A / 9V 2A / 12V 1.5A
Rated capacity: 12500mAh (5V 3A)
```

पहिली ओळ आतल्या सेलची आहे. सेलचा व्होल्टेज ३.७ आणि क्षमता २०,००० एमएएच, म्हणून ७४ वॉट-अवर. आपल्याला हीच ओळ हवी. दुसरी ओळ बाहेर मिळणाऱ्या विजेची. ती ५, ९ किंवा १२ व्होल्टला मिळते, पण साठा त्यामुळे बदलत नाही. भाच्याने घरी हिशोब केला तेव्हा त्याला 'आउटपुट' समोरचा ५ दिसला. त्याने २०,००० ला ५ ने गुणलं, १०० आले आणि पोरगा रात्रभर घाबरून बसला. त्याने १२ ने गुणलं असतं तर २४० आले असते आणि ट्रेकच रद्द केला असता.

तिसरी ओळ बघून लोकांना वाटतं कंपनीने फसवलं. वीस हजार सांगून साडेबारा हजारच! फसवणूक नाही. सेलमध्ये वीज ३.७ व्होल्टला आहे, फोनला हवी ५ व्होल्टला. व्होल्टेज वाढवलं की एमएएच कमी होणारच: ७४ भागिले ५ म्हणजे १४,८०० एमएएच. त्यातून आतल्या सर्किटमध्ये आणि वायरीत थोडी वीज उष्णता होऊन जाते आणि साडेबारा हजारांच्या आसपास हातात येते. ज्या कंपनीने ही ओळ छापली ती उलट प्रामाणिक.

पण याच ओळीतून उलटा घोटाळाही होतो. ग्रुपमधल्या एकाकडे तीस हजारांची होती. त्याच्या पॉवर बँकेवर वॉट-अवर छापलेलेच नव्हते, पण 'रेटेड' १८,५०० एमएएच ५ व्होल्टला असं होतं. त्याने गुणाकार केला, ९२.५ आले, शंभराच्या आत! खुशीत होता. ते निघायच्या आधीच मी त्याला फोनवर सांगितलं, बाबा, हा बाहेर निघणाऱ्या विजेचा हिशोब झाला. नियम आत कोंडलेल्या विजेचा आहे, कारण पेटला तर सेल पेटणार. तीस हजार गुणिले ३.७ म्हणजे १११ वॉट-अवर. शंभराच्या पुढे. त्याने ती पॉवर बँक निघायच्या आदल्या दिवशी घरी काढून ठेवली. म्हणून सिक्युरिटीत तिचं नाव निघालं नाही.

गुणाकार करताना एकच गोष्ट पाळा. एमएएच आणि व्होल्ट एकाच ओळीतले घ्या आणि ती ओळ बॅटरीची असू द्या. वरच्या ओळीतला एमएएच आणि खालच्या ओळीतला व्होल्ट अशी जोडी लावली की उत्तर चुकलंच समजा.

आणि ३.७ हा काही वेदातला आकडा नाही. जुन्या किंवा गोल सेलच्या पॉवर बँकांवर ३.६ असतो, नव्या चपट्या सेलवर ३.८५ किंवा ३.८७ दिसतो. बहुतेक वेळा याने फरक पडत नाही. दहा हजारांची ३७ ऐवजी ३८.५ झाली तर कोण विचारतो? काठावर मात्र पडतो. २६,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ ने ९६.२ होते आणि ३.८५ ने १००.१. म्हणून शंभराच्या जवळची घेत असाल तर छापलेला व्होल्टेज बघा, अंदाजाने ३.७ धरू नका. बाजारात २६,८०० किंवा २७,००० असे विचित्र आकडे दिसतात, त्यांचं कारणही हेच. ३.७ ने गुणलं की ते बरोबर शंभराच्या खाली, ९९ आणि काही असे बसतात. ते आकडे विमानासाठीच बेतलेले आहेत.

लॅपटॉपवाली: जास्त व्होल्ट, तरी चालते

चौथ्या मित्राकडे लॅपटॉप चार्ज करणारी जाड पॉवर बँक होती. खोक्यावर २७,००० एमएएच. पाठीवर मात्र हे:

```
14.8V 6750mAh 99.9Wh
```

त्याचा गोंधळ असा की खोक्यावरचे २७,००० आणि पाठीवरचे १४.८ यांची त्याने जोडी लावली. उत्तर जवळपास ४०० वॉट-अवर! असं असतं तर ती केबिनमध्येच काय, विमानतळाच्या दारातही नेऊ नये.

प्रत्यक्षात आत सेल एकामागे एक असे चार टप्प्यांत जोडलेले असतात. एकामागे एक जोडले की व्होल्ट वाढतात, ३.७ चौक १४.८, पण एमएएच वाढत नाहीत, ते ६,७५० च राहतात. विकणारा मात्र चारही टप्प्यांचे एमएएच बेरजेने खोक्यावर छापतो, कारण २७,००० हा आकडा खपतो. दोन्ही बाजूंनी हिशोब करून बघा: २७,००० गुणिले ३.७ म्हणजे ९९.९, आणि ६,७५० गुणिले १४.८ म्हणजेही ९९.९. साठा तोच, मांडणी वेगळी. ही पॉवर बँक काही न विचारता गेली, कारण पाठीवर वॉट-अवर ठळक छापलेले होते.

तपासणाऱ्या माणसाकडे प्रत्येक पॉवर बँकेला अर्धं मिनिटही नसतं. त्याला तुमचा गुणाकार ऐकायचा नसतो, छापलेला आकडा बघायचा असतो. वॉट-अवर सरळ छापलेले असतील तर बोलणं लगेच संपतं.

नारिंगी 'पन्नास हजार'ची गोष्ट

आता अडकलेली पॉवर बँक. नारिंगी रंगाची, वर सोलर पट्टी, खाली टॉर्च, आणि मोठ्या अक्षरांत ५०,००० एमएएच. भाच्याने ती रस्त्यावरच्या स्टॉलवर साडेसातशे रुपयांना घेतली होती. लेबलवर वॉट-अवर नाहीत, बॅटरीचा व्होल्टेज नाही, फक्त 'आउटपुट ५ व्होल्ट २ अँपिअर'.

तपासणाऱ्याने छापलेला आकडा धरला. पन्नास हजार गुणिले ३.७, १८५ वॉट-अवर. प्रवाशाला १६० च्या वरची पॉवर बँक नेता येत नाही, परवानगी घेऊनही नाही. ती टाकून द्यावी लागली. मागच्या वेळी सुटली ती त्या दिवशी कोणी नीट पाहिली नसेल म्हणून, नियमात बसत होती म्हणून नव्हे.

गंमत पुढे आहे. दोनच महिन्यांनी एक गिऱ्हाईक तशीच नारिंगी पॉवर बँक दुरुस्तीला घेऊन आलं, चार्जिंगची खाच तुटलेली. उघडली तर आत ५,००० एमएएचचे दोन चपटे सेल. म्हणजे एकूण दहा हजार, ३७ वॉट-अवर. खाच बदलल्यावर खात्री म्हणून यूएसबी मीटर लावून पूर्ण रिकामी केली. बाहेर ३० वॉट-अवरच्या आसपास निघाले. सर्किटची गळती धरली तर बरोबर ३७ चाच माल. भाच्याची पॉवर बँक खऱ्या मापाने आरामात विमानात चालली असती. पण लेबल पन्नास हजारांचं होतं आणि तपासणी लेबलची होते, आतल्या सेलची नाही. खोटं छापलं विकणाऱ्याने, दंड भरला भाच्याने.

असा माल ओळखायला उघडायची गरज नाही. दुकानातल्या वजनकाट्यावर ठेवा. चांगल्या प्रतीचा १८६५० हा गोल सेल ३,५०० एमएएचपर्यंत देतो आणि त्याचं वजन ५० ग्रॅमच्या आतबाहेर असतं. खरे पन्नास हजार एमएएच हवे असतील तर असे १५ सेल लागतील, म्हणजे नुसते सेलच पाऊण किलोच्या घरात. साधे, २,६०० वाले सेल घातले तर वीसएक लागतील आणि वजन किलोजवळ जाईल. गिऱ्हाइकाची नारिंगी सोलर पट्टी, टॉर्च धरून ३१० ग्रॅम भरली. साधारण अंदाज असा ठेवा की खरी वीस हजारांची पॉवर बँक साडेतीनशे ते साडेचारशे ग्रॅमची असते. तिच्यापेक्षा हलकी 'पन्नास हजार' दिसली तर टॉर्च चांगला आहे म्हणून घ्या, विमानासाठी नका घेऊ.

शंभर ते एकशेसाठ: मधली पायरी

नियमाची चौकट तशी छोटी आहे. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगीची गरज नाही. १०० च्या वर आणि १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते आणि अशा जास्तीत जास्त दोन नेता येतात. १६० च्या वर नाही. तंबूत दिवे लावायला जे हँडल असलेले डबे मिळतात, अडीचशे-पाचशे वॉट-अवरवाले, ते प्रवासी विमानाने जात नाहीत, त्यांना माल म्हणून वेगळ्या नियमांनी पाठवावं लागतं.

मधल्या पायरीत लोक फसतात, कारण 'परवानगीने चालते' याचा अर्थ ते 'काउंटरवर विचारून बघू' असा लावतात. काउंटरवरच्या माणसाच्या हातात ते सहसा नसतं. तीस हजारांची नेणं खरंच गरजेचं असेल तर कंपनीला आधी ईमेल करा, पॉवर बँकेच्या पाठीचा स्पष्ट फोटो जोडा, वॉट-अवर लिहा, आणि आलेलं उत्तर फोनमध्ये आणि कागदावर दोन्ही ठेवा. बऱ्याच कंपन्या सरळ नाही म्हणतात. माझा सल्ला विचाराल तर हा खटाटोपच करू नका. १११ ची एक नेण्यापेक्षा ७४ ची एक आणि ३७ ची एक न्या. दोन्हींची बेरीज तीच, १११, पण मर्यादा प्रत्येक पॉवर बँकेला वेगळी लागू होते, म्हणून दोन्ही जातात. मात्र किती नेता येतील याचा आकडा कंपनीगणिक बदलतो, तो तिकिटाच्या वेळी बघा.

ट्रान्झिटमध्ये दुसऱ्याचा नियम लागतो

पुण्या-मुंबईहून दुबईमार्गे युरोप-अमेरिकेला जाणारे खूप. १ ऑक्टोबर २०२५ पासून एमिरेट्सने एका प्रवाशाला १०० वॉट-अवरच्या आतली एकच पॉवर बँक नेऊ द्यायला सुरुवात केली. तिच्यावर क्षमता छापलेली दिसायला हवी, आणि विमानात तिने फोन चार्ज करायचा नाही की तिलाही चार्ज करायचं नाही. म्हणजे वरचा ७४ अधिक ३७ चा तोडगा तिथे चालणार नाही, एकच घ्यावी लागेल.

चीनला माल बघायला जाणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांना वेगळाच फटका बसतो. २८ जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत '3C' हे तिथलं प्रमाणचिन्ह नसलेली किंवा ते पुसट झालेली पॉवर बँक चालत नाही. मुंबईहून तिथे पोहोचेपर्यंत कोणी अडवत नाही. मग आत दुसऱ्या शहराचं विमान पकडताना इथे घेतलेली, अगदी आपल्या मानक संस्थेचा, म्हणजे बीआयएसचा नोंदणी क्रमांक असलेली चांगली पॉवर बँकही ठेवून जावी लागते. एकाच प्रवासात तीन विमानं असतील तर त्यातल्या सगळ्यांत कडक नियमाची तयारी ठेवायची.

गेटवर बॅग काढून घेतली तर

हा सापळा कोणी सांगत नाही, म्हणून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. तुम्ही सगळं बरोबर केलंत, पॉवर बँक केबिन बॅगेत ठेवलीत, सिक्युरिटीतून पार झालात. विमान भरलेलं असतं. गेटवरचा कर्मचारी म्हणतो, वर जागा नाही, तुमची बॅग खाली देऊ, टॅग लावतो. तुम्ही खूश होता, हात मोकळे झाले. आणि पॉवर बँक खाली सामानात गेली. नियम तोच मोडला, फक्त उलट्या वाटेने.

टॅग लागायच्या आधी पॉवर बँक, कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या बाहेर काढा. त्यासाठी ती बॅगेच्या तळाशी नको, बाहेरच्या चेनच्या कप्प्यात किंवा कमरेच्या पाउचमध्ये हवी. आतच पॉवर बँक बसवलेल्या 'स्मार्ट' ट्रॉली बॅगांचंही हेच. पॉवर बँक काढता येत असेल तर खाली देण्याआधी काढायची. काढता येत नसेल अशी बॅग विकत घेऊ नका.

विमानात बसल्यावर

भारतात विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या डीजीसीएने नोव्हेंबर २०२५ मध्ये काढलेल्या सूचनेनंतर पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायची नाही आणि प्रवासात तिने काही चार्ज करायचं नाही. त्याआधी ऑक्टोबरमध्ये दिल्लीहून दिमापूरला निघालेलं विमान धावपट्टीकडे जात असताना एका प्रवाशाच्या पॉवर बँकेने सीटमागच्या खिशातच पेट घेतला होता. कर्मचाऱ्यांनी ती लगेच विझवली. त्याच वर्षी जानेवारीत दक्षिण कोरियात बुसानला उभ्या विमानाला लागलेली आग मात्र वरच्या कप्प्यातून सुरू झाली होती आणि त्यात विमान जळून गेलं. वरच्या कप्प्यात धूर उशिरा दिसतो आणि झाकण उघडेपर्यंत वेळ जातो, म्हणून आता बऱ्याच ठिकाणी 'जवळ ठेवा' म्हणतात.

जवळ म्हणजे पायाशी सीटखालच्या बॅगेत. खाचांत नाणी, किल्ल्या जाणार नाहीत अशी वेगळ्या पाउचमध्ये. ती सीटच्या फटीत घसरली तर सीट मागेपुढे करून शोधू नका. सीटच्या धातूच्या सांगाड्यात दबून सेल फुटू शकतो. बटण दाबून कर्मचाऱ्याला बोलवा. आणि जिची पाठ फुगली आहे, टेबलावर ठेवली की डगमगते, ती विमानतळापर्यंतही नेऊ नका. आमच्याकडे लोक फुगलेली घेऊन येतात आणि म्हणतात, "चार्ज तर होतेय." होणारच. फुगणं हे सेलच्या आत गॅस साचल्याचं लक्षण आहे, चार्ज होण्याशी त्याचा संबंध नाही.

लेबल पुसलं असेल तर

हा माझ्या दुकानातला रोजचा प्रश्न. पॉवर बँक चांगली, पण दोन वर्षं खिशात घासून पाठ कोरी झाली. आता तिची क्षमता ठरवणार कशी? काही जण छापील स्टिकर करून लावतात. करू नका. तपासणाऱ्याला हाताने चिकटवलेला कागद बघून शंका जास्त येते. खोकं जपलं असेल तर घेऊन जा, कधी कधी कामाला येतं, पण त्याची खात्री नाही. कोऱ्या पाठीच्या पॉवर बँकेला घरीच ठेवा, ती घरात वीज गेल्यावर छान उपयोगी पडते.

नवी घेतली की त्याच दिवशी लेबलवर पारदर्शक सेलोटेप लावा, अर्धं इंच बाहेर येईल अशी. आणि तेव्हाच स्वच्छ उजेडात पाठीचा फोटो काढून ठेवा. परवानगीचा ईमेल करायचा झाला तर तोच जोडता येतो.

भाचा त्या दिवशी बागडोगऱ्याला पोहोचला. नारिंगी विमानतळाच्या डब्यात गेली, मित्राची चेक-इनमधली पॉवर बँक काढून हातात दिली गेली, आणि चौघांनी सहा दिवस काळी वीस हजारांची आणि लॅपटॉपवाली यांवर फोन चालवले. परत आल्यावर तो दुकानात आला आणि नवी दहा हजारांची घेतली. पाठ उलटी करून `38.5Wh` वाचलं, मला दाखवलं, आणि गल्ल्यावरची माझी सेलोटेप न विचारता उचलली.